सॉफ्ट लावा नाहीतर हार्ड, ग्राफ तसाच! मागाच्या व्हायब्रेशनचा डेटा, वेव्हलेट आणि थ्रेशोल्डचा घोळ

पम्या_पूर्वभाग
नमस्कार मंडळी. काकाचे आठ माग आहेत इथं पूर्व भागात, टॉवेलचे, जुने धोट्याचेच. त्यातल्या एका मागावर धोटा डावीकडून जोरात येतोय आणि उजवीकडून कमी, असं काका म्हणतोय, तर मी एक सेन्सर लावून मोजायलोय. एडीएक्सएल३३५ चा निळा मॉड्यूल आहे, ईएसपी३२ ला जोडलाय, सेकंदाला १००० रीडिंग घेतो आणि एकावेळी ४०९६ रीडिंग म्हणजे साधारण चार सेकंद सेव्ह करतो. माग मिनिटाला १२० पिक मारतो, म्हणजे धोटा १२० वेळा फेकतो, त्यामुळं एका रेकॉर्डमध्ये आठ झटके सापडतात, चार डावे चार उजवे. झटके दिसतात पण मधे खरखर भरपूर आहे, म्हणून वेव्हलेटनं साफ करायचं ठरवलं. कोड हा:

```python
import numpy as np, pywt
c = pywt.wavedec(x, 'db4', level=5)
s = np.median(np.abs(c[-1])) / 0.6745
lam = s * np.sqrt(2*np.log(len(x)))
d = [c[0]] + [pywt.threshold(k, lam, mode='soft') for k in c[1:]]
y = pywt.waverec(d, 'db4')
```

आता प्रॉब्लेम असा की `soft` च्या जागी `hard` टाकलं तरी ग्राफ डिट्टो तसाच येतोय, आणि मुळात खरखर गेलेलीच नाही. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले तर रेघ एकच दिसते. लायब्ररी बिघडलीय का माझं डोकं?

विजापूरवेस_कट्टा
डोकं बे. 😄 पण लायब्ररी बिघडायला ती काय काकाचा माग आहे का.

एमटेक_चालूए
भावा सरळ सॉफ्ट वापर, हार्डचा विचारच सोड. हार्डमध्ये फंक्शनला उडी असते, थ्रेशोल्डच्या जरा खाली शून्य आणि जरा वर एकदम पूर्ण, म्हणून सिग्नलमध्ये मधेच काटे उगवतात. सॉफ्ट सलग असतं, रिझल्ट स्मूथ येतो. आणि खरखर जात नसेल तर लॅम्डाला ३ नं गुण, नाही गेली तर ५ नं. मी प्रोजेक्टला असंच केलेलं, गाइडनं काही विचारलं नाही.

तरंगिणी
पम्या, सॉफ्ट-हार्ड आत्ता बाजूला ठेवा, तो तुमचा आजार नाही. दोघांत एका कोइफिशंटमागं फरक पडून पडून किती पडेल? जास्तीत जास्त लॅम्डाएवढा. हार्ड म्हणजे ठरलेल्या वजनाखालचं कांद्याचं पोतं घ्यायचंच नाही, त्यावरचं जसंच्या तसं घ्यायचं. सॉफ्ट म्हणजे खालचं तर घ्यायचं नाहीच, पण वरच्या प्रत्येक पोत्यामागंही तेवढंच वजन कापून पट्टी करायची. आता कापायचं वजनच छटाकभर असेल तर दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसणार की. म्हणजे तुमचा लॅम्डा फारच लहान आलाय, आणि लॅम्डा लहान म्हणजे सिग्मा, म्हणजे नॉइज किती आहे त्याचा अंदाज, लहान आलाय. लॅम्डाला ३ न् ५ नं गुणणं म्हणजे थर्मामीटर चुकीचं दाखवतंय म्हणून आकड्यात दोन डिग्री मिळवून घेण्यासारखं आहे, ते करू नका.

तुम्ही सिग्मा फक्त `c[-1]` वरून काढलाय, म्हणजे सगळ्यात बारीक लेव्हलवरून. सगळ्याच लेव्हलचा काढून इथं टाका बघू:

```python
for k in c[1:]:
    print(len(k), np.median(np.abs(k)) / 0.6745)
```

डाळिंब_सांगोला
विषय निघालाच आहे तर माझं पण बघा कुणीतरी. डाळिंबाच्या बागेत तापमानाचा सेन्सर आहे, डीएचटी११, दर मिनिटाला रीडिंग. मी पण असाच मीडियनवाला कोड चिकटवला तर सिग्मा ० येतोय. थ्रेशोल्ड पण ०. म्हणजे माझ्या डेटात नॉइज नाहीच असं समजायचं का? आणि ह्यानं तेल्या रोगाचा अंदाज काढता येईल का?

विजापूरवेस_कट्टा
तेल्याचा अंदाज वेव्हलेटनं निघाला तर सांगोल्यात तुमचा पुतळा उभा करतो मी.

पम्या_पूर्वभाग
हे घ्या ताई. आकडे मिलि-जी मध्ये आहेत, माग चालू असतानाचं रेकॉर्ड.

```
134   47.2
262   32.9
518   14.6
1029  6.6
2051  3.8
```

वरचा सगळ्यात ढोबळ लेव्हल, खालचा सगळ्यात बारीक, बरोबर ना? सारखे यायला पाहिजे होते का हे?

तरंगिणी
हो, व्हाइट नॉइज, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखाच असणारा नॉइज, असता तर जवळजवळ सारखे आले असते. `db4` सारखं वेव्हलेट ऑर्थोगोनल असतं, त्यात व्हाइट नॉइज गेला की प्रत्येक लेव्हलला तेवढाच सिग्मा घेऊन बाहेर पडतो. म्हणूनच डोनोहो आणि जॉनस्टन यांच्या १९९४ च्या पेपरातली युक्ती चालते: बारीक लेव्हलमध्ये सिग्नल जवळजवळ नसतो, सगळा नॉइजच असतो, तिथं सिग्मा मोजा आणि तोच सगळीकडं वापरा. मीडियन का, तर तिथंही चार-दोन कोइफिशंट झटक्याचे मोठे निघाले तरी मीडियन हलत नाही, साधं स्टँडर्ड डेव्हिएशन घेतलं असतं तर त्या चार-दोनांनी फुगलं असतं. आणि ०.६७४५ ने भागायचं कारण नॉर्मल नॉइजचे निम्मे आकडे शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.६७४५ सिग्माच्या आत असतात.

तुमचे आकडे जिना उतरल्यासारखे आलेत. ४७ वरून ३.८. वरची पायरी थोडी मागाच्या झटक्यांनी फुगली असेल ते सोडा, पण १४.६, ६.६, ३.८ हे झटक्यांनी होत नाही. तुमचा नॉइज बारीक लेव्हलला पोचायच्या आधीच कुणीतरी गाळलाय. तुमचा लॅम्डा आला ४.०८ गुणिले ३.८ म्हणजे साधारण १५.५. पाचव्या, म्हणजे सगळ्यात ढोबळ लेव्हलचा खरा नॉइज ३५ च्या आसपास असेल तर तिथले निम्म्याहून जास्त, मोजून सांगायचं तर साधारण ६५ टक्के नॉइजचेच कोइफिशंट १५.५ च्या वर राहतात. ते सॉफ्टनं पण राहणार आणि हार्डनं पण. खरखर जाणार कशी?

आता सांगा, सेन्सर ते फाइल या वाटेत काय काय आहे? काही फिल्टर, काही सरासरी?

एमटेक_चालूए
मिळालं! एडीएक्सएल३३५ च्या निळ्या मॉड्यूलवर प्रत्येक आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि आत ३२ किलो-ओहमचा रेझिस्टर, म्हणजे ५० हर्ट्झचा लो-पास. ५० च्या वरचा नॉइज तोच खातोय, म्हणून बारीक लेव्हल उपाशी. कपॅसिटर बदल, ०.०१ चा लाव, ५०० हर्ट्झ मिळतील. धागा बंद करा.

पम्या_पूर्वभाग
अरे हो ०.१ चाच आहे, बारीक डोळे करून बघितलं. मग ताई हेच का?

आणि मधे काय काय आहे म्हणलात तर.... कोडमध्ये मी शेवटच्या ८ रीडिंगची सरासरी घेतो आणि ती सेव्ह करतो. यूट्यूबवर बघितलं होतं, रीडिंग स्थिर येतात म्हणून. ते चालतं ना?

तरंगिणी
तोच तो. 😀

एमटेक, कपॅसिटरचं निम्मं बरोबर आहे. मॉड्यूल ५० हर्ट्झला कापतो हे खरं, आणि त्यामुळं झटक्याचा आकार बसका होतो हेही खरं. पण तो फक्त कपॅसिटरच्या आधी जे आहे तेच गाळणार. पम्याच्या डेटातली खरखर सेन्सरची असेल असं मला वाटत नाही, सेन्सरचा स्वतःचा नॉइज ५० हर्ट्झमध्ये एक-दोन मिलि-जी असतो, इथं ३५ च्या गप्पा चालल्यात. ही ईएसपी३२ च्या एडीसीची खरखर आहे आणि ती कपॅसिटरच्या नंतर घुसते. कपॅसिटर तिला हातही लावू शकत नाही.

८ ची चालती सरासरी मात्र एडीसीच्या नंतर येते, ती त्याच खरखरीला गाळते, आणि १००० हर्ट्झला ती बारीक लेव्हलचा नॉइज जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आणते, पाचव्या लेव्हलला मात्र फारसं काही करत नाही. ३.८ ला दहानं गुणा, ३८ येतात. तुमचा जिना उतरतो तो असा.

खात्री करायची असेल तर सोपं आहे: सेन्सर काढा, दोन सारखे रेझिस्टर लावून पिनला ३.३ चं निम्मं व्होल्टेज द्या, सरासरी बंद करा, आणि तोच प्रिंट परत चालवा. सेन्सरशिवायही ३५ च्या आसपास आलं तर आरोपी एडीसी. वायफाय चालू असेल तर तेही एकदा बंद करून बघा.

जॉबर_मामा
हे मिलि-जी बिलि-जी आमाला कळत न्हाई पण माग कळतो. ३० वर्स जॉबर हाय. उजवीकडनं धोटा कमी येतोय म्हंजे आदी पिकर बगा, चामडं झिजलंय का, मग पिकिंगच्या काठीचा पट्टा सैल हाय का. कानानं कळतं ते. फट्-फुट फट्-फुट असा आवाज येतो, दोनी बाजूला सारका आला पायजे. सेन्सर कुटं चिकटवलाय तू?

पम्या_पूर्वभाग
मामा तुम्हीच या की एकदा. सेन्सर फ्रेमला, मेणानं. तेवढीच जागा होती रिकामी.

ताई टेस्ट केली. सेन्सर काढून, सरासरी बंद, दोन १० के च्या रेझिस्टरवर: पाचही लेव्हल ३४ ते ३६ च्या मधे. वायफाय बंद केल्यावर पण थोडंच कमी झालं. मग सेन्सर परत लावून माग चालू करून, सरासरी नाही: वरून खाली ४९, ३८, ३६.५, ३६, ३६. आता जिना गेला, वरची एकच पायरी राहिली.

तरंगिणी
छान. वरची पायरी तुमच्या सिग्नलची आहे. पाचव्या लेव्हलला १३४ कोइफिशंट, त्यातले झटक्यांनी खाल्लेले बरेच, मीडियन थोडी वर सरकणारच. म्हणून तर सिग्मा बारीक लेव्हलवरूनच घ्यायचा, अट फक्त एवढीच की नॉइज खरंच व्हाइट असला पाहिजे. आता लॅम्डा ४.०८ गुणिले ३६, म्हणजे १४७. आता सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही चालवा, आणि ग्राफ एकावर एक ठेवा.

डाळिंब_सांगोला
माझं राहिलंच ओ.

तरंगिणी
दादा, डीएचटी११ पूर्ण डिग्रीतच रीडिंग देतो. दर मिनिटाला घेतलं तर ३१, ३१, ३१, ३१ असं दहा-दहा, वीस-वीस मिनिटं सारखंच येत असणार. सपाट भागाचे डिटेल कोइफिशंट शून्य, निम्म्याहून जास्त शून्य असले की मीडियन शून्य. नॉइज नाही असं नव्हे, तुमच्या सेन्सरनं तो राउंड करून पुसलाय. ह्याला वेव्हलेट नको, तासाची सरासरी घ्या आणि मोकळे व्हा. तेल्याचं मात्र मला माहीत नाही, ते कृषीवाल्यांना विचारा.

डाळिंब_सांगोला
बरं. मीडियनच्या जागी स्टँडर्ड डेव्हिएशन टाकलं तर ०.२ येतंय, ते नाही चालणार?

एमटेक_चालूए
ते पण राउंडिंगचंच असणार दादा, एका डिग्रीच्या उड्यांचं. त्यावर थ्रेशोल्ड लावून काही चांगलं होणार नाही, खऱ्या उड्या पण जातील.

पम्या_पूर्वभाग
आता जमलं!! दोन ग्राफ वेगळे आले. सॉफ्टवाला एकदम गुळगुळीत, झटके मात्र बसके झाले. हार्डवाल्यात झटके उंच आहेत पण दोन झटक्यांच्या मधे एका ठिकाणी उगीच एक छोटी लाट उठलीय, कच्च्या डेटात तिथं काहीच नाही. आणि झटक्याच्या पायथ्याशी पण वाकडंतिकडं आहे.

आणि खरी बातमी पुढंच आहे. चौथ्या लेव्हलला डाव्या झटक्याचा सगळ्यात मोठा कोइफिशंट सरासरी ५२० येतोय आणि उजव्याचा ४१०. सॉफ्ट केल्यावर ३७३ आणि २६३. मी काकाला सांगून टाकलं की डावीकडचा झटका ४२ टक्के जास्त आहे. काका जॉबरला ओरडायला लागला.

जॉबर_मामा
४२ टक्के? मग धोटा भाईर उडाला असता की रं पोरा. कुनाच्या तरी डोक्यात बसला असता.

तरंगिणी
थांबवा काकांना. ५२० भागिले ४१० म्हणजे १.२७, म्हणजे २७ टक्के. तुमचे ४२ कुठून आले बघा: सॉफ्टनं दोन्हीतून १४७ कापले. मोठ्यातून आणि लहानातून सारखीच रक्कम कापली की दोघांतलं अंतर तेवढंच राहतं, ११० चे ११०, पण प्रमाण बिघडतं. ३७३ भागिले २६३ म्हणजे १.४२. कच्च्या डेटात जो असमतोल २७ टक्के दिसतो तो सॉफ्टनं ४२ करून दाखवला. लहान झटक्यावर अन्याय नेहमी जास्त होतो. उजवा आणखी कमकुवत असता, २०० चा, तर ५३ उरला असता आणि तुम्ही म्हणाला असता की उजवीकडून धोटा येतच नाही.

एमटेकनं पहिल्या पोस्टमध्ये सॉफ्टच वापर म्हटलं ते डोळ्याला दाखवायच्या ग्राफसाठी ठीक आहे, झटके किती आहेत, कधी आले हे मोजायलाही ठीक आहे. उंची मोजायची असेल तर सॉफ्ट वापरू नका. तिथं हार्ड.

एमटेक_चालूए
पण मॅडम हार्डच्या त्या उगीचच्या लाटेचं काय? आमच्या क्लासमध्ये सांगितलंय की सॉफ्टला गॅरंटी आहे की रिझल्ट मूळ सिग्नलपेक्षा खडबडीत येणार नाही. डोनोहोचा १९९५ चा पेपर त्याच्यावरच आहे.

तरंगिणी
गॅरंटी आहे, आणि ती मोठ्या शक्यतेनं अशी आहे, पक्की नव्हे. आणि गुळगुळीतपणाची गॅरंटी म्हणजे उंचीची गॅरंटी नव्हे, ह्या पोरानं आत्ताच ते सिद्ध करून काकांना जॉबरवर सोडलंय.

लाटेचं सांगते. १४७ च्या थ्रेशोल्डवर निव्वळ नॉइजचा एक कोइफिशंट जायची शक्यता फार कमी, पण कोइफिशंट चार हजार आहेत, म्हणून साधारण पाचात एका रेकॉर्डमध्ये एखादा निसटतोच. सॉफ्टमध्येही तो निसटतो, पण १५० चा असेल तर कापून ३ उरतो, दिसत नाही. हार्डमध्ये तो १५० चा १५० राहतो आणि वेव्हलेटच्या आकाराची एक पूर्ण लाट काढून जातो. लाट त्याच जागी दुसऱ्या रेकॉर्डमध्ये नसेल तर ती नॉइजची. पम्या, दहा रेकॉर्ड घ्या आणि बघा.

पायथ्याशी जे वाकडंतिकडं आहे त्याचं कारण वेगळं. झटका वेव्हलेटच्या जाळीवर नेमका कुठं पडला यावर त्याचे कोइफिशंट ठरतात, एका रेकॉर्डमध्ये १४६ आला तर गेला, दुसऱ्यात दोन रीडिंग सरकून १४८ आला तर राहिला. यावर कोइफमन आणि डोनोहो यांचा १९९५ चा उपाय आहे: रेकॉर्ड एक-एक रीडिंगनं सरकवा, प्रत्येक वेळी हार्ड थ्रेशोल्ड करा, परत मागं सरकवा, आणि सगळ्यांची सरासरी घ्या. पाच लेव्हलला ३२ सरकवण्या पुरतात. `np.roll` नं चार ओळीत होतं, फक्त `wavedec` आणि `waverec` दोन्हीकडं `mode='periodization'` द्या, नाहीतर टोकाला घाण होईल. ह्यानं लाट पण बरीच खाली बसते, उंची पण बऱ्यापैकी राहते.

विजापूरवेस_कट्टा
३२ वेळा सरकवायचं म्हणजे लॅपटॉपवर शेंगा भाजता येतील. आधीच बाहेर ४३ डिग्री आहे.

पम्या_पूर्वभाग
नाही रे, अर्ध्या सेकंदात झालं. ताई, सरकवून हार्ड केल्यावर ग्राफमध्ये झटक्याची उंची मोजली तर दहा रेकॉर्डचं डावं-उजवं प्रमाण १.२४ ते १.३० च्या मधे फिरतंय. साध्या हार्डनं १.१५ ते १.३८ असं उड्या मारत होतं. आणि लाट एकाच रेकॉर्डमध्ये होती, बाकी नऊमध्ये नाही.

एक शंका आहे. माझ्याकडं आधीची ६० रेकॉर्ड आहेत, सगळी ८ च्या सरासरीवाली. ती फेकून द्यायची का? त्यातली काही पिकर बदलायच्या आधीची आहेत, परत मिळणार नाहीत.

तरंगिणी
फेकू नका. प्रत्येक लेव्हलचा सिग्मा वेगळा घ्या आणि प्रत्येकाला त्याचा लॅम्डा लावा. नॉइज असा लेव्हलवार वेगळा असेल तर असंच करायचं असतं, जॉनस्टन आणि सिल्व्हरमन यांनी १९९७ ला हेच मांडलंय. पण वरच्या लेव्हलचा सिग्मा चालू मागाच्या रेकॉर्डवरून काढू नका, तुमचे ४७ त्यात झटके मिसळून आलेले आहेत. तोच जुना कोड ईएसपीत परत टाका, ८ च्या सरासरीसकट, आणि माग बंद असताना एक रेकॉर्ड घ्या. त्यात नुसती खरखर असेल, त्यावरून पाचही सिग्मा काढून जुन्या ६० ना लावा.

पम्या_पूर्वभाग
काल रात्री लाइट गेल्यावर पॉवर बँकवर घेतलं, सगळे माग बंद, शांत. वरून खाली: ३४, २८, १४, ६.५, ३.८. म्हणजे पाचव्या लेव्हलला लॅम्डा १३९ आणि पहिल्याला १५.५. जुनी रेकॉर्डसुद्धा आता साफ होतायत.

एमटेक_चालूए
एक मिनिट, इथं मला पटत नाही. लेव्हलवार करायचं तर `len(x)` का? पाचव्या लेव्हलला कोइफिशंटच १३४ आहेत. तर गुणक २ गुणिले लॉग १३४ च्या वर्गमुळाचा, ३.१३. लॅम्डा १०६ येईल, १३९ नाही. जिथं झटके आहेत तिथंच तुम्ही जास्त कापताय.

तरंगिणी
हा मुद्दा चांगला आहे आणि मी ह्यावर भांडणार नाही. मी सगळ्या रेकॉर्डमध्ये मिळून एकही खोटा कोइफिशंट येऊ नये असा हिशोब धरते म्हणून ४.०८ ठेवते. तुम्ही म्हणता तसं ३.१३ ठेवलं तर त्या लेव्हलला खोटा यायची शक्यता वाढते, साधारण दर चार-पाच रेकॉर्डमागं एक असं होईल, पण अंधुक झटका वाचतो. दोन्ही करणारे लोक आहेत. झटके ५००-४०० चे असताना मला तरी हार्डमध्ये काही फरक पडेल असं वाटत नाही.

एमटेक_चालूए
सॉफ्टमध्ये पडेल. ३३ चा.

तरंगिणी
सॉफ्टमध्ये पडेल. 😀

पम्या, पुढच्या रेकॉर्डसाठी अजून एक. सरासरी वाईट नाही, *चालती* सरासरी वाईट. प्रत्येक मिलिसेकंदात एडीसीकडून ८ ताजी रीडिंग घ्या, त्यांची सरासरी करून एकच आकडा सेव्ह करा, आणि ती ८ परत पुढच्या आकड्यात वापरू नका. मग नॉइज व्हाइटच राहतो, फक्त कमी होतो. आठही रीडिंगची खरखर एकमेकांशी संबंध नसलेली असेल तर ३६ चे १३ च्या खाली येतात.

पम्या_पूर्वभाग
केलं. १३ नाही आले, १५ आले, पण पाचही लेव्हल सारखे (वरची ती एक पायरी सोडून). लॅम्डा ६१. आता सॉफ्टनं पण ५२० चे ४५९ आणि ४१० चे ३४९, प्रमाण १.३२. म्हणजे खरखर मुळातच कमी केली की सॉफ्टचं खोटं पण कमी होतंय.

पण एक नवीनच भानगड. शेजारचे सात माग चालू असले की मधे मधे बारके झटके दिसतात, ते कुठल्याच थ्रेशोल्डनं जात नाहीत. ८० ते १२० चे कोइफिशंट आहेत.

तरंगिणी
जाणार नाहीत. ते या पद्धतीच्या हिशोबात नॉइजच नव्हेत, तेही झटकेच आहेत, शेजारच्या मागाचे, जमिनीतून आलेले. थ्रेशोल्डला फक्त आकार कळतो, झटका कुणाचा ते कळत नाही. लॅम्डा १२० च्या वर नेलात तर ते जातील, पण सोबत तुमच्या झटक्याच्या कडाही जातील. माझ्या मते क्रँकशाफ्टवर एक चुंबक आणि हॉल सेन्सर लावा, म्हणजे तुमच्या मागाचा प्रत्येक पिक कधी झाला ते कळेल, आणि तेवढाच भाग मोजा. शेजारचे माग तुमच्याशी ताल धरून चालत नसतात, शंभर पिकची सरासरी काढली की ते पुसट होतील.

डाळिंब_सांगोला
शेजारचा माग बंद करता येत नाही का मोजायपुरता?

पम्या_पूर्वभाग
काका मला बंद करेल.

जॉबर_मामा
पोरा मी सकाळी येऊन गेलो तुज्या काकाकडं. सेन्सर तू *डाव्या* फ्रेमला चिकटवलायस. डावा झटका सेन्सरच्या शेजारी हुतोय आन उजवा पाच फूट लांब. डावा मोटाच येनार न्हाई का? आन उजवा पिकर मी हातानं बगितला, झिजलाय थोडा पन लई न्हाई.

एमटेक_चालूए
😶

तरंगिणी
मामांचं बरोबर आहे. आणि हे मी पहिल्याच पोस्टला विचारायला पाहिजे होतं, मामांनी विचारलं तेव्हा मी वाचून पुढं गेले. १.२७ मधला किती भाग मागाचा आणि किती जागेचा हे आत्ताच्या डेटातून सुटणार नाही. सेन्सर तसाच्या तसा उजव्या फ्रेमला त्याच उंचीवर लावा, दहा रेकॉर्ड घ्या. दोन्ही बाजूंचा माग खरंच सारखा असेल तर प्रमाण उलटं होऊन ०.७९ च्या आसपास येईल. १ च्या जवळ आलं तर डावीकडं खरंच काहीतरी जास्त आहे. दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा, जागेचा परिणाम दोन्हीकडं सारखा धरला तर तो त्यात कटतो. सारखा असेलच असं मात्र नाही, दोन फ्रेमचे बोल्ट सारखे आवळलेले असतात का मामा?

जॉबर_मामा
कशाचे सारके. उजव्या पायाखाली लाकडाचा ठोकळा हाय.

पम्या_पूर्वभाग
मेण संपलंय. उद्या साप्ताहिक सुट्टी आहे, सोमवारी पहिल्या पाळीला उजवीकडं लावतो आणि आकडे टाकतो. मामा, तेवढं काकाला सांगा ना की ४२ नव्हतं म्हणून.

जॉबर_मामा
सांगितलं. त्यो म्हनला २७ तरी हाय का.